फवारणीचा पंप घरी कुठे ठेवायचा

यवतमाळ जिल्ह्यात जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत एक धंदा घराघरांतून चालतो, पण त्याला कुणी धंदा म्हणत नाही. पाठीवरचा पंप स्वतःचा असलेला माणूस शेजारच्या चार-सहा शेतकऱ्यांची पऱ्हाटी फवारून देतो. मजुरी कधी पंपामागे मिळते, कधी दिवसाच्या हिशेबाने. त्याला दुकान नाही आणि गोदामही नाही. पंप, चार्जर, बादली, औषध मोजायचे माप, ढवळायची काठी, रुमाल, अंगावरचे कपडे आणि बऱ्याचदा उरलेल्या औषधाची बाटली एवढे सगळे संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी येते आणि जागा दिसेल तिथे टेकते. घरात जागा दिसते ती सपरीत, न्हाणीत, माळ्यावर किंवा धान्याच्या पोत्यांमागे. स्वतःच्या वावरात स्वतःच फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याची गतही वेगळी नसते. या धंद्यासाठी घरी एक ठरलेला कोपरा असायला हवा. मात्र त्याची आखणी कपाट आणि कुलपापासून सुरू केली तर ती फसते. आधी विष घरात कोणत्या वाटांनी येते ते पाहावे, आणि प्रत्येक वाट घराच्या उंबरठ्याबाहेर कुठे तोडता येईल ते ठरवावे. कुलपाचा विचार त्यानंतर येतो.

2017 च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात काय घडले हे सगळ्यांना ठाऊक आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतरत्र दाखल करावे लागले. त्यानंतरची चर्चा साहजिकच वावरातल्या गोष्टींवर झाली. डोक्याच्या वर गेलेली दाट पऱ्हाटी, वाऱ्याविरुद्ध केलेली फवारणी, बारीक तुषार उडवणारे जोरदार पंप, दोन-तीन औषधांची मिश्रणे, मास्क आणि हातमोज्यांचा अभाव हे सारे बोलले गेले, आणि ते रास्तच होते. घराकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. वावरातली फवारणी चार-सहा तासांत संपते. कपड्यांत मुरलेले, पंपाच्या पट्ट्याला लागलेले, बाटलीच्या बुचाभोवती सुकलेले औषध घरात पुढचे अठरा तास असते, आणि तिथे त्याच्याजवळ वावरात कधी न गेलेली माणसेही असतात.

या वाटा नीट पाहिल्या की त्या फार नाहीत. पहिली वाट बाटलीची, म्हणजे पाण्यात न मिसळलेल्या मूळ औषधाची. सर्वांत मोठा धोका इथेच आहे, कारण पंपातले द्रावण कित्येक पटींनी पातळ झालेले असते आणि बाटलीतले नसते. दुसरी वाट कपड्यांची. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे कातडीतून शरीरात जातात. घामाने भिजलेला सदरा दिवसभर अंगाला चिकटून असतो आणि मग तोच सदरा खुंटीवर, मुलांच्या शाळेच्या गणवेशाशेजारी टांगला जातो. तिसरी वाट माणसाच्या हातांची आणि खिशांची. वरच्या खिशात खर्र्याची पुडी असते, दुसऱ्यात मोबाइल. पंप भरताना हाताला लागलेले औषध पुडीला लागते, पुडीतून तोंडात जाते. मोबाइल घरी आल्यावर थेट लेकराच्या हातात जातो. गाडीच्या हँडलला अडकवलेल्या थैलीत कृषी केंद्रातून घेतलेली बाटली आणि किराण्याची साखर शेजारी-शेजारी येतात, तीही याच वाटेची फांदी. चौथी वाट रिकाम्या डब्या-बाटल्यांची. तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण रिकामी बाटली घरात उपयोगाची वाटते.

आता कुलपाचा प्रश्न. औषधे कुलपात ठेवा हा सल्ला सगळेच देतात आणि तो चुकीचा नाही. पण एकट्या कुलपाने काय साधते याची मोठी परीक्षा श्रीलंकेत झाली आहे. तिथल्या ग्रामीण भागात 180 गावे निवडली गेली. निम्म्या गावांतल्या शेतकरी कुटुंबांना कीटकनाशके ठेवायला कुलूपबंद पेट्या दिल्या, उरलेल्या गावांत दिल्या नाहीत. 53 हजारांहून अधिक घरांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. कीटकनाशक पिऊन झालेल्या विषबाधेचे प्रमाण पेट्या मिळालेल्या गावांत कमी झाले नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्यात या निष्कर्षाकडे डोळेझाक करता येणार नाही. निराशेचा झटका अनेकदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पेटीला कुलूप असले तरी किल्ली त्याच घरात, त्याच माणसांकडे असते. याउलट तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये गावासाठी एक सामायिक साठवणगृह उभारले गेले आणि शेतकऱ्यांनी औषधे घरी न ठेवता तिथल्या कप्प्यांत ठेवली. तिथे शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा चांगला परिणाम दिसला. हा अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळे सिद्ध होते असे म्हणता येणार नाही. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर मला एक गोष्ट पटते. बाटली आणि घर यांच्यातले अंतर हे कुलपापेक्षा भरवशाचे आहे. कुलूप लहान मुलाला आणि चुकून होणाऱ्या वापराला अडवते, आणि त्यासाठी ते हवेच. मोठ्या माणसाला अडवण्याचे काम अंतर, वेळ आणि दुसऱ्या माणसाची उपस्थिती करते. घरात कुणी खचलेले दिसत असेल, अबोल झालेले असेल, तर त्या दिवसांत पेटी शेजाऱ्याच्या किंवा भावाच्या ताब्यात देणे शहाणपणाचे. मनमोकळे बोलायला 14416 हा टेलीमानसचा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो.

म्हणून मजुरीवर फवारणी करणाऱ्याने पहिली सीमा बोलीतच आखून घ्यावी. औषध मालकाने आणायचे, मालकानेच ठेवायचे आणि उरलेलेही मालकाकडेच राहायचे. बाटली आपल्या घरी येणारच नसेल तर घरच्या कोपऱ्याचे अर्धे काम झाले. यावर आक्षेप असा येतो की मालक उरलेली बाटली बक्षीस म्हणून देतो, तिला नाही म्हणणे म्हणजे नुकसान. पण ती बाटली ज्या पिकासाठी, ज्या किडीसाठी आणली होती ते पीक आणि ती कीड आपल्याकडे असेलच असे नाही, आणि असलीच तरी फवारणीची वेळ जुळेल असे नाही. मग ती माळ्यावर पडून राहते, लेबल पुसले जाते, दोन वर्षांनी आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा मालकाने मापातच औषध घ्यावे. एक साधा हिशेब बघा. समजा लेबलवर लिटरला 2 मिलि असे प्रमाण दिले आहे आणि एकराला 200 लिटर पाणी लागते. म्हणजे एकराला 400 मिलि औषध झाले, आणि 15 लिटरचे साधारण तेरा पंप. तीन एकरांना 1200 मिलि लागेल. एक लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या तर 800 मिलि विष घरी शिल्लक राहते. एक लिटरची एक आणि पाव लिटरची एक घेतली तर उरतात फक्त 50 मिलि. लहान बाटली मिलिला थोडी महाग पडते, हे खरे. पण वाया जाणाऱ्या 800 मिलिची किंमत त्याहून जास्त आहे. वरचे प्रमाण उदाहरणापुरते आहे, खरे प्रमाण प्रत्येक औषधाच्या लेबलवर वाचायचे.

तरीही काही औषध घरी येतेच, विशेषतः स्वतःचे वावर असलेल्याच्या घरी. त्यासाठी जागा कुठे करायची? राळेगाव किंवा घाटंजीकडच्या एखाद्या गावातले नेहमीचे घर डोळ्यांसमोर आणू. दोन खोल्या, पुढे सपरी, मागे न्हाणी, एका बाजूला जनावरांचा कोठा, मध्ये आंगण. सपरी नको, कारण तिथे माणसे बसतात, झोपतात आणि पोरे खेळतात. माळा नको, कारण मे महिन्यात टिनाच्या छपराखाली इतकी भट्टी होते की बाटल्या फुगतात, बुचे सैल होतात आणि औषधाचा गुणही जातो. शिवाय वरून गळणारे औषध खालच्या धान्यावर पडते. कोठा सोयीचा वाटतो, पण तिथे कुटार आणि ढेप असते, आणि जनावर जे चाटू नये ते चाटते. मग उरते ती आंगणाच्या कडेची भिंत, घरापासून जितकी लांब मिळेल तितकी, आणि विहीर किंवा हातपंपापासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला. फवारणीच्या मुख्य दिवसांत आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून ही जागा घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला असली तर तिथला वास आणि वाफ घरात न शिरता पलीकडे जाते. चुलीपासूनही ती दूरच हवी. ज्या औषधांच्या नावापुढे ‘ईसी’ असते त्यांत पेट घेणारे द्रावक मिसळलेले असते.

त्या भिंतीला टेकून तीन फूट लांब, दोन फूट रुंद अशी एक पेटी पुरते. गावातला वेल्डिंगवाला पत्र्याची करून देतो. ती चार विटांवर ठेवावी, म्हणजे खालून पाणी लागणार नाही, आणि बोल्टने भिंतीला पक्की करावी, म्हणजे कुणी उचलून नेणार नाही. वर उतरते पत्र्याचे छप्पर आणि त्यावर जुने गवत किंवा पांढरा रंग, उन्हासाठी. तळाला तीन इंच उंचीचा काठ असलेली ट्रे बसवावी. या तीन इंचांचे महत्त्व एकदा मोजून पाहिले म्हणजे लक्षात राहते. तीन फूट गुणिले दोन फूट गुणिले पाव फूट म्हणजे दीड घनफूट, साधारण 42 लिटर. पेटीतल्या सगळ्या बाटल्या एकाच वेळी फुटल्या तरी औषध ट्रेमध्येच राहील, आंगणात वाहणार नाही. समोरच्या बाजूला खाली आणि वर जाळी लावलेल्या लहान खिडक्या ठेवाव्यात. वाफ कोंडून राहिली तर पेटी उघडताक्षणी ती तोंडावर येते. आत दोनच कप्पे हवेत. वरच्या कप्प्यात पुड्या आणि पावडरी, खालच्यात बाटल्या. उलटे ठेवले तर गळलेले औषध पुडीत मुरते आणि पावडरीचे गोळे होतात. शेजारी एका डब्यात कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा भरून ठेवावा. काही सांडले तर त्यावर पाणी ओतायचे नाही, कारण पाण्याने ते पसरते. आधी माती टाकायची, ती मुरू द्यायची, मग हातमोजे घालून खरडून काढायची.

पेटीचा एक नियम न मोडता पाळावा लागतो. औषध ज्या बाटलीत आले तिच्यातच राहिले पाहिजे. शेजाऱ्याला थोडे द्यायचे म्हणून पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतले, की घरातल्या कुणालाही ती बाटली विषाची दिसत नाही. लहान मुले चुकून विष पितात ते बहुतेक अशाच बाटल्यांमधून. लेबलवर त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालचा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्या रंगाचा अर्थ बिनधोक असा नाही, इतरांहून कमी विषारी एवढाच आहे. पण या रंगाचा आणि नावाचा खरा उपयोग विषबाधा झाल्यावर होतो. डॉक्टरला औषधाचे नाव कळले तर उपचार लगेच सुरू होतात. ऑर्गॅनोफॉस्फेटवर अॅट्रोपिनसारखा उतारा आहे, पण काही औषधांना उताराच नाही, आणि तिथे उपचाराची दिशा पूर्ण वेगळी असते. म्हणून कृषी केंद्राचे बिलही पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवून ठेवावे. पेटीत काय आहे, किती आहे हे एका जाड कागदावर तिथेच लिहावे. सेल्फॉस नावाने ओळखल्या जाणाऱ्या, धान्यात घालायच्या गोळ्यांना मात्र या पेटीतही जागा नाही. ओल लागली की त्यातून प्राणघातक वायू सुटतो. तो बंद घरात झोपलेल्या माणसांना वाचू देत नाही. अशा गोळ्या घरात आणायच्याच नाहीत.

पंपाची जागा पेटीशेजारी, पण पेटीबाहेर असावी. भिंतीला दोन मजबूत खिळे, त्यावर पंप उलटा टांगलेला, झाकण उघडे, म्हणजे आतले पाणी निथळेल. पंप घरी आणण्याआधीच वावरात तीनदा साफ पाण्याने खळखळून घ्यावा आणि ते पाणी फवारलेल्याच पिकावर टाकावे. न्हाणीत पंप धुतला तर ते पाणी मोरीतून आंगणात येते, तिथे कोंबड्या टोचे मारतात. पंप दोन असले तर फार बरे, एक किडीच्या औषधासाठी आणि एक तणनाशकासाठी. हे माणसापेक्षा पिकासाठी आहे. 2,4-डी सारख्या तणनाशकाचा अंश पंपात राहिला आणि त्याच पंपाने कपाशी फवारली, तर काही दिवसांत पाने अरुंद, बोटांसारखी होतात आणि वाढ खुंटते. इतका थोडा अंश पुरतो की पंप धुतल्यासारखा दिसला तरी धोका टळत नाही. दुसऱ्या पंपाला लाल पट्टी बांधली की गफलत होत नाही. बॅटरीचा पंप चार्ज करायचा तो झोपायच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरातल्या बोर्डावर नको. लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो, आणि पंपाचा तळ औषधाने माखलेला असतो. सपरीच्या बाहेरच्या भिंतीवर एक झाकणाचा प्लग बसवून घ्यावा, पेटीपासून थोडा दूर. वीजमिस्त्री अर्थिंगची तार जोडल्याशिवाय जाऊ नये, पावसाळ्यात ओल्या हाताने प्लग धरला जातो. पेट्रोलवर चालणारा पंप असेल तर पेट्रोलचा डबा पेटीपासूनही वेगळा.

आता कपडे आणि अंग. घराची सीमा खऱ्या अर्थाने इथे पाळली जाते किंवा मोडते. न्हाणीच्या मागच्या बाजूला, बाहेरून शिरता येईल अशी एक आडोशाची जागा करून घेतली, तर फवारणी करून आलेला माणूस घरात पाऊल न टाकता तिथे जाऊ शकतो. तिथे एक झाकणाची बादली फवारणीच्या कपड्यांसाठी, साबण, तांब्या आणि स्वच्छ कपड्यांची खुंटी एवढे पुरे. खर्रा, मोबाइल आणि पैसे वावरात जातानाच एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीला ठेवावेत, सदऱ्याच्या खिशात नकोत. अंघोळ आधी, मग चहा, मग लेकरांना जवळ घेणे. थकून आलेल्या माणसाला हा क्रम जड वाटतो हे मान्य आहे. पण सोय नेहमीच क्रम ठरवते. बादली आणि स्वच्छ कपडे न्हाणीच्या दाराशी तयार असतील तर क्रम आपोआप पाळला जातो. कपडे ओले करून घरात आणून ठेवले आणि दोन दिवसांनी इतर कपड्यांबरोबर भिजवले, तर बाई आणि सगळे कुटुंबच फवारणीच्या धंद्यात ओढले जाते. कपडे त्याच दिवशी धुतले तर औषध बरेच निघते, उशीर झाला तर धाग्यात पक्के बसते. पहिल्यांदा नुसत्या पाण्यातून काढावेत आणि ते पाणी नाल्यात, आडात किंवा विहिरीजवळ टाकू नये. मग जमेल तितक्या गरम पाण्यात, भरपूर साबणाने, एकटेच धुवावेत. धुणाऱ्याच्या हातात रबरी मोजे असावेत. वाळत घालायची दोरी वेगळी, आणि उन्हात. ज्या कपड्यावर मूळ औषध, म्हणजे बाटलीतले, सांडले असेल तो कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. तो वापरातून काढून टाकलेला स्वस्त पडतो. म्हणूनच फवारणीसाठी जुना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पँट असा एक ठरलेला जोड असावा. तोही पेटीजवळच्या बंद बादलीत राहावा, घरातल्या कपाटात नाही.

‘आजवर वर्षानुवर्षे असेच केले, काही झाले नाही’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये, कारण तो खऱ्या अनुभवातून येतो. पण विषबाधेचे दोन प्रकार असतात हे त्यात नजरेआड होते. एक तीव्र, जो रुग्णालयात नेतो. दुसरा हळू, जो डोकेदुखी, मळमळ, अंगाला मुंग्या, डोळ्यांसमोर धूसर दिसणे, झोप न लागणे अशा रूपात येतो आणि उन्हाच्या, कामाच्या, वयाच्या नावावर खपतो. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या रसायनाचे काम थांबवतात, आणि ते पूर्ववत व्हायला दिवस-आठवडे लागतात. रोज थोडे विष घेणाऱ्याचा साठा दिवसेंदिवस कमी होत जातो. मग एखाद्या दमट, बिनवाऱ्याच्या दिवशी नेहमीचीच फवारणी त्याला खाली पाडते. घरी घेतलेला थोडा डोस त्या माणसाला उद्याच्या वावरासाठी आधीच कमकुवत करतो. दुसरा आक्षेप जागेचा आणि पैशाचा. आंगणच नाही, भाड्याची खोली आहे, तर? त्यावर एकट्यापुरते उत्तर नाही, पण दोन-तीन फवारणीवाल्यांनी मिळून कुणाच्या तरी वावरातल्या झोपडीच्या बाहेरच्या भिंतीला एक पेटी लावली, किल्ली त्यांतल्या एकाकडे ठेवली, तर घर रिकामे होते आणि खर्चही वाटला जातो. भाड्याच्या खोलीत किमान कपड्यांची बंद बादली आणि दाराबाहेरची अंघोळ एवढे करता येते. वावरातल्या पेटीतून चोरी होईल ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय एकच, पेटीत कमी ठेवणे, आणि तो वरच्या मापाच्या हिशेबातून येतो.

रिकाम्या बाटल्यांबद्दल 1971 च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट सांगितले आहे. वापरलेली वेष्टने पुन्हा कुणी वापरणार नाही अशी फोडायची आणि वस्तीपासून दूर पुरायची. त्याआधीची एक पायरी वावरातच करायची असते. बाटलीत पाव हिस्सा पाणी भरायचे, बूच लावून अर्धा मिनिट हलवायचे आणि ते पाणी पंपात ओतायचे. असे तीनदा. यातून बाटलीत उरलेले औषधही पिकाला लागते, म्हणजे पैसाही वाचतो, आणि बाटली बहुतांश निर्विष होते. मग खिळ्याने तळाला भोके पाडायची. भोके पाडलेली बाटली कुणी तेल किंवा पाणी ठेवायला नेऊ शकत नाही, म्हणून हे काम घरी नेण्याआधीच उरकावे. जाळणे मात्र नको, त्याच्या धुरात विष असते.

एवढे करूनही कधी अपघात होतो. पेटीच्या झाकणावर त्यासाठी दोन आकडे लिहून ठेवावेत, 108 रुग्णवाहिकेचा आणि 1800116117 हा एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा, जिथे कोणत्याही वेळी मोफत विचारता येते. अंगावर औषध पडले तर कपडे ताबडतोब काढून अंग साबणाच्या भरपूर पाण्याने धुवायचे, डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे साध्या पाण्याची धार धरायची. पोटात गेले असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. ईसी औषधातले द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात शिरते. जास्त घाम, तोंडाला सुटलेली लाळ, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, श्वासाला त्रास ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची ओळख आहे. तिथे थांबायचे नाही. माणसाबरोबर बाटली किंवा निदान लेबल रुग्णालयात न्यायचे.

हंगाम संपल्यावर, साधारण डिसेंबरात, पेटी एकदा पूर्ण रिकामी करून बघावी. बाटली फुगली आहे का, बूच चिकटले आहे का, पावडरीचे गोळे झाले आहेत का, वापरण्याची अंतिम तारीख उलटली आहे का, हे बघायला अर्धा तास लागतो. तारीख उलटलेले औषध नाल्यात किंवा खड्ड्यात ओतून द्यायचे नाही. ज्या कृषी केंद्रातून घेतले त्याच्याकडे किंवा तालुका कृषी कार्यालयात त्याबद्दल विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत ते मूळ बाटलीतच, लेबलसह, पेटीत ठेवायचे. पुढच्या जुलैत पंप खाली उतरवताना त्याचे वॉशर आणि नळी तपासायची. गळणारा पंप पाठीवर घेतला तर घराबाहेर तोडलेल्या साऱ्या वाटांच्या आधी तोच पाठ भिजवतो.